एका गणिताची पाच उत्तरं

`9-3-8/(6-2)*2` या गणिताचं उत्तर २ आहे. शाळेत पदावली सोडवायला शिकलेलं कुणीही ते कागदावर काढेल: आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, मग डावीकडून उजवीकडे वजाबाक्या. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्स लॅबमध्ये मात्र याच गणिताची मी २ सोडून आणखी चार उत्तरं स्क्रीनवर पाहत असते. ती म्हणजे ७, ६, उणे ६९४ आणि उणे १३. या चारही उत्तरांमागे ठरलेली कारणं आहेत. उत्तराचा आकडा ऐकला, की प्रोग्रॅम न उघडता मुलाला सांगता येतं की अमुक ओळ बघ.

स्टॅकच्या प्रॅक्टिकलमधला हा नेहमीचा प्रश्न. माणूस लिहितो तशी पदावली घ्यायची, स्टॅक वापरून तिचं पोस्टफिक्स रूप करायचं आणि मग दुसऱ्या स्टॅकवर त्याचं उत्तर काढायचं. जर्नलमध्ये बहुतेकांनी `a+b*c` हे उदाहरण तपासलेलं असतं. ते बरोबर येतं, सही होते आणि प्रोग्रॅम चुकीचा राहून जातो. `a+b*c` मध्ये सारख्या मानाची दोन चिन्हं नाहीत, कंस नाही, वजाबाकी नाही, भागाकार नाही. म्हणजे जिथे घोळ होऊ शकतो त्यातलं काहीच त्यात नाही. म्हणून मी वरचं गणित देते.

आधी मुळातली अडचण समजून घेऊ. आपण पदावली सोडवतो तेव्हा ती सगळी एका नजरेत दिसत असते. कंस कुठे आहे हे आपल्याला आधीच कळलेलं असतं आणि डोळा थेट तिथे जातो. प्रोग्रॅमला अशी नजर नाही. तो डावीकडून एकेक अक्षर वाचत जातो. ९ वाचला, मग वजाचं चिन्ह वाचलं. आता ९ मधून काय वजा करायचं? ते अजून आलेलं नाही. पुढे ३ आला, तरीही वजाबाकी करता येत नाही. ३ नंतर गुणाकाराचं चिन्ह निघालं, तर तो ३ आधी गुणाकारात जायला हवा. कुठल्याही चिन्हाचं काम करायचं की नाही, हे त्याच्यानंतरचं चिन्ह दिसेपर्यंत ठरत नाही. तोपर्यंत त्याला कुठेतरी थांबवून ठेवावं लागतं, आणि थांबलेल्यांमध्ये जो शेवटी आला त्याचा निर्णय आधी होतो. शेवटी आलेला आधी बाहेर, ही स्टॅकची व्याख्याच आहे. या प्रॅक्टिकलमध्ये स्टॅक अभ्यासक्रमाने मुद्दाम आणलेला नाही, प्रश्नाच्या पोटातच तो आहे.

हे आज सोपं वाटतं, पण ते सुचायला वेळ लागला. १९५७ साली आलेल्या पहिल्या फोरट्रान कंपायलरने वेगळीच युक्ती केली होती. प्रत्येक चिन्हाभोवती त्याच्या मानाप्रमाणे कंस घालायचे. अधिकच्या जागी `))+((` लिहायचं, गुणिलेच्या जागी `)*(`, आणि अख्ख्या पदावलीच्या सुरुवातीला `((` व शेवटी `))`. `a*b+c` चं मग `((a)*(b))+((c))` होतं. दिसायला विचित्र, पण कंस जुळवून बघा, गुणाकार बरोबर आधी बांधला गेला आहे. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीडरिश बाउअर आणि क्लाउस सामेलझोन यांनी स्टॅकच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. स्टॅकला त्यांनी ‘केलर’, म्हणजे तळघर, असं नाव दिलं होतं.

लॅबमध्ये आपण जी पद्धत लिहितो ती मात्र नेदरलँड्सच्या एड्सखर डाइक्स्ट्रा यांच्या नावाने ओळखली जाते. अल्गोल ६० या भाषेच्या कंपायलरवर काम करताना त्यांनी ती वापरली आणि १९६१ च्या एका अहवालात मांडली. तिचं नाव शंटिंग यार्ड. रेल्वेच्या यार्डात मुख्य मार्गाला जोडलेली एक बंद टोकाची सायडिंग असते, तशी रचना डोळ्यांसमोर आणा. पदावलीतल्या संख्या म्हणजे मुख्य मार्गावरून सरळ पलीकडे जाणारे डबे. चिन्हं म्हणजे आधी सायडिंगमध्ये ढकलायचे डबे. सायडिंगचं टोक बंद आहे, म्हणून शेवटी आत गेलेला डबाच आधी बाहेर निघू शकतो. एवढ्या शंटिंगमधून पलीकडे जी गाडी तयार होते ती पोस्टफिक्स. तिच्यात प्रत्येक चिन्ह आपल्या दोन्ही संख्यांच्या मागे लागलेलं असतं आणि कंस एकही नसतो.

कंसाशिवाय पदावली लिहिता येते हा विचार त्याही आधीचा. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२० च्या दशकात चिन्ह आधी आणि मग त्याच्या पदांची जोडी, अशी लेखनपद्धत काढली. तिला पोलिश पद्धत म्हणतात. चिन्ह मागे टाकलं की ती उलटी पोलिश पद्धत होते, आणि तीच आपलं पोस्टफिक्स.

आता नियम. संख्या आली की ती सरळ उत्तराच्या ओळीत लिहायची. उघडणारा कंस आला की तो काही न विचारता स्टॅकवर ठेवायचा. बंद होणारा कंस आला की उघडणारा कंस सापडेपर्यंत स्टॅकवरची चिन्हं काढून ओळीत लिहायची आणि मग तो कंसही टाकून द्यायचा. बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा भागाकार यांपैकी चिन्ह आलं, तर स्टॅकच्या माथ्यावरच्या चिन्हाचं मान बघायचं. ते नव्या चिन्हाएवढं किंवा त्याहून जास्त असेल, तर माथ्यावरचं काढून ओळीत लिहायचं आणि पुन्हा तेच विचारायचं. थांबायची वेळ आली की नवं चिन्ह स्टॅकवर ठेवायचं. पदावली संपली की उरलेली चिन्हं वरून एकेक करून काढायची. सी भाषेत या सगळ्याचा गाभा तीन ओळींचा आहे:

```c
while (top != -1 && prec(st[top]) >= prec(ch))
    post[k++] = pop();
push(ch);
```

`prec` हे फंक्शन अधिक-वजाला १ आणि गुणिले-भागिलेला २ असं मान देतं. उघडणाऱ्या कंसाला ते ० देतं, त्यामुळे कंस माथ्यावर असताना हे लूप तिथेच अडतं आणि कंसाबाहेरची चिन्हं कंसातल्या कामात लुडबुड करत नाहीत.

आपलं गणित या नियमांतून नेऊ. डावीकडे वाचलेलं अक्षर, मधे स्टॅक, उजवीकडे तयार होत असलेली ओळ:

```
9   |          | 9
-   | -        | 9
3   | -        | 9 3
-   | -        | 9 3 -
8   | -        | 9 3 - 8
/   | - /      | 9 3 - 8
(   | - / (    | 9 3 - 8
6   | - / (    | 9 3 - 8 6
-   | - / ( -  | 9 3 - 8 6
2   | - / ( -  | 9 3 - 8 6 2
)   | - /      | 9 3 - 8 6 2 -
*   | - *      | 9 3 - 8 6 2 - /
2   | - *      | 9 3 - 8 6 2 - / 2
end |          | 9 3 - 8 6 2 - / 2 * -
```

चौथ्या ओळीवर थोडं थांबा. दुसरं वजाचं चिन्ह आलं तेव्हा माथ्यावर पहिलं वजाचं चिन्ह होतं. दोघांचं मान सारखं, म्हणून पहिलं बाहेर पडून ओळीत गेलं आणि त्याची जागा दुसऱ्याने घेतली. स्टॅकमध्ये आधीही एकच वजा दिसतं आणि नंतरही एकच, त्यामुळे घाईत तक्ता वाचणाऱ्याला तिथे काही घडलंच नाही असं वाटतं. खरं तर ‘९ मधून ३ जाऊ द्या’ हा निर्णय याच ओळीत झाला. गुणिलेच्या ओळीतही तेच घडलं. माथ्यावर भागिले होतं, मान सारखं, म्हणून ते बाहेर पडलं. त्याच्याखालचं वजा कमी मानाचं असल्यामुळे जागेवरच राहिलं.

शेवटच्या ओळीतल्या संख्या वाचा: ९, ३, ८, ६, २, २. मूळ पदावलीत त्या ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने इथे आहेत. या पद्धतीत संख्यांचा क्रम कधीही बदलत नाही, फक्त चिन्हं सरकतात. तुमच्या पोस्टफिक्समध्ये संख्या इकडच्या तिकडे झालेल्या दिसल्या, तर पुढे जाण्यातच अर्थ नाही. दुसरी खूण अशी, की प्रत्येक चिन्ह दोन संख्यांची एक करतं, म्हणून चिन्हं संख्यांपेक्षा बरोबर एकाने कमी असतात. इथे संख्या सहा आणि चिन्हं पाच.

आता दुसरा भाग, उत्तर काढण्याचा. इथे मानाचा विचारही करावा लागत नाही, तो सगळा ओळीच्या मांडणीत आधीच उतरला आहे. संख्या आली की स्टॅकवर ठेवायची. चिन्ह आलं की वरच्या दोन संख्या काढायच्या, क्रिया करायची आणि उत्तर परत ठेवायचं. ९ आणि ३ ठेवले, वजा आलं, ६ उरले. त्यावर ८, मग ६, मग २ आले. आता स्टॅकमध्ये खालून वर ६, ८, ६, २ अशा चार संख्या आहेत. वजा आलं, वरच्या ६ मधून २ गेले, ४ राहिले. भागिले आलं, ८ भागिले ४ म्हणजे २. पुढचा २ वर ठेवला, गुणिले आलं, ४ झाले. खाली अजून पहिल्या वजाबाकीचे ६ वाट बघत बसले आहेत. शेवटचं वजा आलं, ६ मधून ४ गेले, उत्तर २.

मधे एकदा स्टॅकमध्ये चार संख्या झाल्या, त्याहून जास्त कधीच नाही. ह्यूलेट-पॅकार्डने १९७२ साली बाजारात आणलेल्या एचपी-३५ या खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये बरोबर चार घरांचा स्टॅक होता. त्याला बरोबरचं बटण नव्हतं. त्याऐवजी मोठं एंटर होतं आणि गणित पोस्टफिक्स पद्धतीनेच द्यायचं. आपलं गणित त्यावर असं दाबावं लागेल: ९ एंटर ३ वजा, ८ एंटर ६ एंटर २ वजा, भागिले, २ गुणिले, वजा. चारही घरं भरतात आणि काम होतं. त्या कॅल्क्युलेटरला कंसाची बटणं लागतच नव्हती, कारण कंस सोडवायचं काम वापरणारा डोक्यात करत असे. लॅबमधल्या प्रोग्रॅमचा पहिला भाग हेच काम त्याच्या डोक्यातून काढून घेतो.

ज्यांना हे जुन्या यंत्रांपुरतं वाटतं त्यांनी जावामध्ये तीन इंट घेऊन `a+b*c` परत करणारी एक छोटी स्टॅटिक मेथड लिहावी, कंपाइल करावी आणि त्या क्लासवर `javap -c` चालवावं. स्क्रीनवर हे दिसेल:

```
iload_0
iload_1
iload_2
imul
iadd
ireturn
```

तीन संख्या स्टॅकवर, मग गुणाकार, मग बेरीज. जावाच्या कंपायलरने आपल्या पदावलीचं पोस्टफिक्सच केलं आहे. त्यासाठी चलं घ्यायची, थेट आकडे नाहीत. आकडे दिले तर कंपायलर उत्तर आधीच काढून तेवढं एकच ठेवतो आणि ही मांडणी दिसत नाही.

आता त्या चुकीच्या उत्तरांकडे वळू. एक मुलगी जर्नल घेऊन येते. “मॅडम, `a+b*c` ला बरोबर येतं, कंसालाही येतं. तुमच्या गणिताला सात येतात.” सात ऐकल्यावर मी एवढंच विचारते, “लूपमध्ये `>=` आहे की नुसतं `>`?” नुसतं `>` असतं. तिला कोड बदलायला न लावता आधी मी कागदावर वरचा तक्ता करायला सांगते. दुसऱ्या वजापाशी ती थांबते. सारखं मान असलेलं पहिलं वजा तिच्या प्रोग्रॅममध्ये बाहेर पडत नाही आणि दुसरं त्याच्या डोक्यावर बसतं. भागिलेवर गुणिलेही तसंच चढून बसतं. शेवटी सगळी वरून खाली निघतात आणि ओळ होते `9 3 8 6 2 - 2 * / - -`. तिचा अर्थ ९ वजा (३ वजा (८ भागिले (४ गुणिले २))). आतून बाहेर सोडवलं तर ८ भागिले ८ म्हणजे १, ३ मधून १ गेला की २, ९ मधून २ गेले की ७.

ही चूक फार टिकते, कारण ती बेरजेत आणि गुणाकारात दिसत नाही. `2+3+4` कुठल्याही बाजूने बांधलं तरी ९ च. वजाबाकी आणि भागाकार यांनाच डावीकडून उजवीकडे जाण्याची अट असते, आणि ती अट अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकाच ठिकाणी लिहिलेली आहे, त्या `>=` मधल्या `=` मध्ये.

उत्तर ६ आलं, तर पोस्टफिक्स बहुधा बरोबर असतं आणि चूक उत्तर काढण्याच्या भागात असते. स्टॅकवरून आधी जी संख्या निघते ती उजवीकडची असते, कारण ती नंतर गेली होती. म्हणून क्रम असा हवा:

```c
b = pop();
a = pop();
push(a - b);
```

हे उलटं झालं तर पहिल्या वजाबाकीत ३ मधून ९ जाऊन उणे ६ येतात. कंसात २ मधून ६ जाऊन उणे ४ येतात. मग उणे ४ ला ८ ने भागलं जातं. इंट असल्याने ० उरतो. शून्य गुणिले २ शून्यच, आणि शेवटी ० मधून उणे ६ वजा केले की ६. काही जण दोन ओळी वाचवायला `push(pop() - pop())` असं लिहितात. ते याहून वाईट आहे. सी भाषेत वजाच्या दोन बाजूंपैकी कुठली आधी चालवायची हे ठरवून दिलेलं नाही, ते कंपायलरवर सोडलेलं आहे. त्यामुळे तोच प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर एक उत्तर देऊ शकतो आणि लॅबच्या मशीनवर दुसरं. अशा वेळी मुलं मशीनला दोष देतात. दोष त्या एका ओळीचा असतो.

उणे ६९४ हे उत्तर पाहून मुलं घाबरतात, पण दुरुस्त करायला तेच सगळ्यांत सोपं. प्रोग्रॅम पदावली अक्षरांच्या रूपात वाचतो, आणि ‘९’ या अक्षराचा आस्की क्रमांक ५७ आहे. स्टॅकवर ठेवताना `ch - '0'` करायचं राहिलं की ९ च्या जागी ५७ जातात, ३ च्या जागी ५१, ८ च्या जागी ५६. ५७ मधून ५१ गेले तर ६ च राहतात, कारण वजाबाकीत दोन्हीकडचा वाढीव ४८ कटतो. कंसातली वजाबाकीही त्याच कारणाने बरोबर येते, ४. पण मग ५६ भागिले ४ म्हणजे १४, आणि १४ गुणिले ५०, कारण शेवटचा २ म्हणजे ५०. झाले ७००, आणि ६ मधून ७०० गेले की उणे ६९४. ज्याने फक्त `9-3` वर तपासलं त्याला ही चूक कधीच दिसणार नाही.

उणे १३ आलं तर पहिल्या दोन्ही चुका एकत्र आहेत, चिन्ह `>` आणि संख्यांचा क्रम उलटा. त्यांचा हिशेब वाचकांवर सोडते. वरच्या सातच्या ओळीवर उलट्या क्रमाने क्रिया करत गेलं की तो मिळतो.

हे गणित सगळं पकडतं असं मात्र नाही. त्यात अधिकचं चिन्ह नाही, आणि मराठी शाळांतून आलेल्या मुलांची एक ठरावीक चूक नेमकी अधिकपाशी आहे. आपण सगळे ‘कंचेभागुबेव’ घोकून आलेलो असतो: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. तो क्रम शब्दशः घेऊन काही मुलं `prec` मध्ये भागाकाराला ४, गुणाकाराला ३, बेरजेला २ आणि वजाबाकीला १ असं मान देतात. मग `9-3+2` मध्ये अधिकचं मान वजापेक्षा जास्त ठरतं, वजा स्टॅकमध्येच राहतं आणि ओळ होते `9 3 2 + -`. उत्तर ४ येतं, खरं उत्तर ८. `2*6/4` चंही तसंच: खरं उत्तर ३, पण भागाकार आधी केला तर ६ भागिले ४ मधला अपूर्णांक इंटमध्ये गळून १ उरतो आणि उत्तर २ येतं. बेरीज आणि वजाबाकी एकाच मानाच्या आहेत, भागाकार आणि गुणाकारही एकाच मानाचे, आणि सारख्या मानात डावीकडचं आधी. घोकलेल्या सूत्रात ही शेवटची अट सांगायला जागाच नाही. म्हणून माझ्या गणिताच्या जोडीला `9-3+2` ही तपासून घ्यायला हवं.

घातांकाचं चिन्ह घेतलं की नियम उलटतो. `2^3^2` म्हणजे २ चा ९ वा घात, ५१२. डावीकडून बांधलं तर ८ चा वर्ग, ६४. म्हणून फक्त `^` साठी सारखं मान आल्यावर माथ्यावरचं काढायचं नाही. बाकी सगळ्यांना `>=` आणि या एकाला `>`. आणि सी मध्ये `a ^ b` लिहून घात मिळत नाही. ते बिटांचं एक्सॉर आहे. `2 ^ 3` चं उत्तर १ येतं आणि कंपायलर तक्रारही करत नाही. इंटसाठी गुणाकाराचं साधं लूप लिहिलेलं बरं.

इथवर सगळ्या संख्या एकअंकी होत्या. `12+3` दिलं तर एकेक अक्षर वाचणारा प्रोग्रॅम `123+` अशी ओळ बनवतो. ती वाचताना १, २ आणि ३ अशा तीन संख्या स्टॅकवर जातात, अधिक आल्यावर २ आणि ३ चे ५ होतात आणि स्क्रीनवर ५ छापलं जातं. खाली १ तसाच पडून राहतो आणि त्याची दखल कुणी घेत नाही. यावर दोन उपाय हवेत. पहिला, पोस्टफिक्समध्ये संख्यांमध्ये जागा सोडायची, `12 3 +`. दुसरा त्याहून मोलाचा: उत्तर छापण्याआधी स्टॅकमध्ये नेमकी एकच संख्या उरली आहे ना, हे बघायचं. जास्त उरल्या तर चिन्हं कमी पडली. मधेच स्टॅक रिकामा झाला तर संख्या कमी पडल्या. ही तपासणी नसलेला प्रोग्रॅम चुकीच्या पदावलीलाही ऐटीत उत्तर देतो.

संख्या कमी पडण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे ऋण संख्या. `4*-5` मध्ये वजाला डावीकडची संख्याच नाही. आपला नियम त्याला साधी वजाबाकी समजतो, माथ्यावरचं गुणिले लगेच काढून टाकतो आणि ओळ होते `4 * 5 -`. गुणिलेला दोन संख्या हव्यात आणि स्टॅकमध्ये एकच आहे. वजाच्या आधी ० घालायची युक्ती मुलं करतात. `-5+3` ला ती चालते, `0-5+3` चं उत्तर उणे २. पण `4*-5` चं `4*0-5` होतं आणि उणे २० च्या जागी उणे ५ मिळतं. नीट उपाय असा, की वजा पदावलीच्या अगदी सुरुवातीला, उघडणाऱ्या कंसानंतर किंवा दुसऱ्या चिन्हानंतर आलं, तर त्याला वेगळं चिन्ह द्यायचं, समजा `~`. ते स्टॅकवर ठेवताना आधीचं काहीच बाहेर काढायचं नाही, आणि उत्तर काढताना ते एकच संख्या घेतं. `4*-5` ची ओळ मग `4 5 ~ *`, उत्तर उणे २०.

त्या `~` ला मान किती द्यायचं, हा प्रश्न स्टॅक सोडवत नाही. `-2^2` घ्या. `~` चं मान `^` पेक्षा जास्त ठेवलं तर ओळ `2 ~ 2 ^` होते आणि उत्तर ४ येतं. कमी ठेवलं तर `2 2 ^ ~`, उत्तर उणे ४. गणिताच्या पुस्तकाला उणे ४ मान्य आहे. पायथॉनमध्ये `-2**2` लिहिलं तर उणे ४ च मिळतं, आणि एक्सेलच्या चौकटीत `=-2^2` लिहिलं तर ४. दोन्हीकडे पद्धत चुकलेली नाही, मानाचा तक्ता वेगळा आहे. म्हणून जर्नलमध्ये प्रोग्रॅमच्या वर तो तक्ता लिहायला लावते, प्रत्येक चिन्हाचं मान आणि ते डावीकडून बांधतं की उजवीकडून, दोन्ही रकाने भरून.